एका बोटावरची हळद

सरकारी प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढली की माणसाला दोन सवयी लागतात. कुणाशीही बोलताना नजर त्याच्या बोटांच्या टोकांवर जाते, आणि कुणी 'लगेच सांगा' म्हटलं की डोकं फिरतं. मला दोन्ही लागल्यात. आमच्या आरोग्य केंद्रात माझी खोली म्हणजे एक ओटा, एक सूक्ष्मदर्शक, रंगांच्या चार बरण्या आणि एक पंखा. पंखा काचा वाळवायला नाही, मला वाळवायला आहे, असं मी डॉक्टरांना सांगत असते. डॉक्टर वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. हुशार आहेत, ऐकूनही घेतात, फक्त सगळं त्यांना दुपारच्या जेवणाआधी हवं असतं.

ही गोष्ट मे महिन्यातली आहे. तामलवाडीच्या पुढच्या एका गावातून आशाताई आली. ती त्या गावची आशा कार्यकर्ती, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आलेली, पदरानं घाम पुसत. तिच्या हातात वहीच्या कागदात गुंडाळलेली एक काच होती आणि हिवताप तपासायचं एक वापरलेलं किट. तिच्या गावात दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि नवरदेवाला तीन दिवसांपासून ताप होता. पोरगा गडचिरोलीकडं रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा, लग्नासाठी सुट्टी घेऊन आला होता. आशाताईनं घरी जाऊन बोट टोचलं, किट लावलं, काच बनवली. किटवर एकच रेघ आली होती, वरची. म्हणजे हिवताप नाही. घरचे म्हणत होते ऊन लागलंय, लग्नाची दगदग आहे, एक इंजेक्शन मारा म्हणजे पोरगा उद्या बोहल्यावर उभा राहील.

डॉक्टरही म्हणाले, मे महिन्यात आपल्याकडं कसला हिवताप. त्यांचं चूक नव्हतं. आमच्या भागात हिवतापाचा रुग्ण आताशा क्वचितच सापडतो, आणि तोही पावसाळ्यानंतर. पण गडचिरोली हा शब्द माझ्या कानात अडकला होता, तिथल्या जंगलात हिवताप बारा महिने असतो. मी काच रंगवायला घेतली.

आता काचेची गोष्ट जरा सांगायला हवी. एका काचेवर रक्ताचे दोन लेप असतात. एक जाड, नाण्याएवढा. त्यात रक्त जास्त मावतं, म्हणून परजीवी थोडे असले तरी सापडतात. पण तांबड्या पेशी एकमेकींवर रचलेल्या असल्यानं आतलं दिसत नाही, म्हणून रंग देण्याआधी तो पाण्यात धरून पेशी फोडायच्या असतात. दुसरा लेप पातळ, जिभेच्या आकाराचा. त्यात पेशी एकेक सुट्ट्या पडतात. त्या फुटू नयेत म्हणून तेवढा भाग मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करायचा. जाड लेपात चोर घरात आहे की नाही ते कळतं, पातळ लेपात चोराचं तोंड दिसतं. दोन्ही एकाच काचेवर शेजारी बसतात, पण वागवायचं एकाला एक तऱ्हेनं आणि दुसऱ्याला उलट. मिथेनॉलचा ओघळ जाड लेपावर गेला तर तोही पक्का होतो आणि मग कितीही पाण्यात धरा, फुटत नाही. उष्णतेनंही तेच होतं.

त्या दिवशी मी काच पाण्यात धरली. चांगल्या जाड लेपातून तांबडा रंग कोऱ्या चहासारखा पाण्यात उतरतो आणि लेप पांढुरका होतो. इथं काहीच उतरलं नाही. लेप गुळाच्या पाकासारखा काचेला चिकटून बसला होता. मी आशाताईला विचारलं, काच कुठं वाळवली. तिनं खरं ते सांगितलं. मांडवात माश्या फार, म्हणून तिनं काच बाहेर नेऊन मोटारसायकलच्या काळ्या टाकीवर ठेवली होती. दोन मिनिटांत वाळली म्हणून खूश होती. धाराशिवच्या मे महिन्यात त्या टाकीवर भाकरी भाजून निघेल.

मग पातळ लेप पाहिला. तिथं तर वेगळाच तमाशा. रक्त नीट पसरलंच नव्हतं, तेलाच्या डागासारखी भोकं पडली होती, पेशी काठाला गोळा झाल्या होत्या, आणि मध्ये मध्ये पिवळे खडबडीत कण. मी भिंगाखाली काच सरकवत राहिले. एकदोन पेशींत निळं काहीतरी असल्यासारखं वाटलं, पण तो रंगाचा साचलेला ठिपकाही असू शकला असता. आणि ते पिवळे कण काय ते काही केल्या कळेना.

"हळद असंल," आशाताई म्हणाली. "काल सांजच्याला लावली की त्याला. तेलातली."

तिनं बोट स्पिरिटनं पुसलं नव्हतं का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. पुसायला गेली होती. पण नवरदेवाच्या आत्यानं हात धरला. लागलेली हळद लग्नाआधी कुणी पुसत नाही, अपशकुन असतो. म्हणून हळदीच्या बोटाला सुई टोचली आणि हळदीतूनच रक्त आलं.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांना पुढं उपकेंद्रावर जायचं होतं. किट निगेटिव्ह, काचेत काही दिसत नाही, मग निगेटिव्ह लिहून टाकू का, असं त्यांनी विचारलं. आमच्या रजिस्टरला दोनच बाजू माहीत आहेत, आहे किंवा नाही. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्यापुढं अशीच एक न फुटलेली काच आली होती. महिन्याच्या काचांचा ढीग पडलेला, वरून घाई. मला त्यात काही दिसलं नाही, म्हणून मी 'नाही' लिहिलं. दिसलं नाही आणि नाही, यांत फरक असतो हे मला तेव्हा कळत होतं, तरी लिहिलं. ती बाई पुढं तीन आठवडे दिवसाआड थंडीनं कुडकुडत राहिली. ती बरी झाली, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी न वाचलेल्या काचेला 'नाही' म्हणत नाही. मी रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'काच वाचण्यायोग्य नाही, पुन्हा घ्यावी.' आणि डॉक्टरांना म्हटलं, मी स्वतः जाते.

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि जा म्हणाले. वर असंही म्हणाले की ताप वाढला, शुद्ध हरपली, लघवी काळी झाली तर काचेसाठी थांबायचं नाही, पोरगा उचलायचा. हा माणूस मला त्या क्षणी आवडला.

मी माझ्या खोलीतल्या थंड कोपऱ्यातलं एक नवं किट घेतलं, कोऱ्या काचा, सुया, स्पिरिट, साबणाची वडी. आणि आशाताईला म्हटलं, तुझ्याकडची किटची पेटीही घेऊन ये. तिनं ती घरून आणली. पत्र्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, चुलीमागच्या भिंतीला टेकून ती मार्चपासून होती. तिची काय चूक, तिच्या घरात थंड जागा नावाची गोष्टच नव्हती.

लग्नघरी मांडव पडला होता, भटारी कांदे चिरत होते. नवरदेव आतल्या खोलीत दोन गोधड्या पांघरून पडला होता, बाहेर बेचाळीस डिग्री असताना. त्याच्या उशाशी आत्या. पोराची आई तो लहान असताना वारलेली, आत्यानंच त्याला वाढवला. वय साठीचं, आवाज खणखणीत. नवरदेवाच्या हाती कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेलं, ती त्याच्या मुठीतून निसटायची आणि आत्या ती पुन्हा हातात द्यायची.

मी कोण, कशाला आले ते सांगितलं. पुन्हा बोट टोचायचं आणि आधी धुवायचं हेही सांगितलं. आत्या उठून उभी राहिली.

"हळद लागल्यालं लेकरू हाय ते. हळद उतरवत न्हायत. तुमाला म्हाईत न्हाय का बाई?"

मला माहीत होतं. माझ्याही लग्नात आईनं मला दोन दिवस ओसरी ओलांडू दिली नव्हती. पण मी वाकून पोराची पापणी खाली ओढली आणि आत्याला जवळ बोलावलं. अंग पिवळं होतं, तळवे पिवळे होते, त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं, हळदीचा पोरगा पिवळाच असणार. पण त्याच्या डोळ्यांचं पांढरंही पिवळं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "डोळ्याच्या आत कुणी हळद लावतं का?"

आत्यानं दुसरीही पापणी स्वतः ओढून पाहिली. कावीळ सगळ्यांच्या समोर बसली होती आणि हळदीनं ती झाकून टाकली होती.

तरी ती तयार होईना. शेवटी मी म्हटलं, अख्खा हात नको. एकच बोट द्या. बाकी सगळी हळद राहू दे. आत्या काही म्हणायच्या आधी पोरानंच गोधडीतून डावा हात बाहेर काढला आणि करंगळीजवळचं बोट पुढं केलं. आत्यानं तोंड फिरवलं, पण तांब्यातलं पाणी तिनंच ओतलं.

मी ते बोट साबणानं दोनदा धुतलं, पुसलं, स्पिरिट लावलं, वाळू दिलं. पिवळ्या हाताला एकच सावळं बोट. सुई टोचली, पहिला थेंब पुसून टाकला, मग काचेवर तीन थेंब घेऊन कोपऱ्यानं गोल फिरवले. जाड लेप बरोबर झालाय का ते बघायची आमची एक रीत आहे. ओल्या लेपाखाली छापील कागद धरायचा, अक्षरं जेमतेम वाचता आली की झालं. तिथं छापील कागद म्हणजे लग्नपत्रिकाच होती. रक्तातून मला 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' एवढं वाचता आलं आणि मी काच बाजूला केली. शेजारी आणखी एक थेंब घेऊन तो पातळ ओढला, छान जिभेसारखा.

काच मी खोलीतच, सावलीत, सपाट ठेवली. माश्यांसाठी वर चाळणी पालथी घातली. तोवर किटं लावली. दोन. एक माझं, एक आशाताईच्या पेटीतलं. दोन्हींत तेच रक्त, तेवढेच द्रावणाचे थेंब, आणि मग वीस मिनिटं कुणीही हात लावायचा नाही असा दम. आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं टक लावली. मधे दोनदा तिनं झालं का विचारलं. मी म्हटलं, लवकर वाचलं तरी खोटं, फार उशिरा वाचलं तरी खोटं. भातासारखंच आहे.

वीस मिनिटांनी आशाताईच्या किटवर एकच रेघ होती, वरची, ठळक. माझ्या किटवर दोन. वरची आणि खाली फाल्सिपेरमची, म्हणजे हिवतापाच्या सगळ्यात घातक जातीची. खालची ठळक होती, चष्म्याशिवायही दिसत होती. आशाताईनं दोन्ही किटं शेजारी ठेवून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिला वाटत होतं वरची रेघ आली म्हणजे किट चांगलं. आपल्यापैकी किती जणांना तसंच वाटतं. ती रेघ फक्त एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून वर चढला. खालच्या रेघेतलं औषध उन्हानं मेलंय की जिवंत आहे, ते तिला ठाऊक नसतं. मी आशाताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती अख्खी पेटी माझ्या पिशवीत टाकली. पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी नेमकं विचारायचं तेच विचारलं. पोराला याआधी ताप येऊन गेला होता का? आला होता. तीन आठवड्यांपूर्वी कामावर ताप आला, तिथं गोळ्या मिळाल्या, पहिल्या दिवसाच्या खाल्ल्या, बरं वाटलं म्हणून बाकीच्या पिशवीत तशाच ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, मग ही रेघ जुन्या तापाची असू शकते. तेही खरं होतं. हे किट परजीवी पाहत नाही, त्यानं रक्तात टाकलेलं प्रथिन पकडतं, आणि ते प्रथिन औषध घेऊन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात फिरत राहतं. म्हणजे आशाताईच्या किटनं आहे ते दाखवलं नाही, आणि माझं किट कदाचित नसलेलं दाखवत होतं. कावीळ दुसऱ्या कशानंही होऊ शकते. आत्ता, या घडीला, रक्तात जिवंत काय आहे ते एकच वस्तू सांगू शकत होती, ती चाळणीखाली वाळत होती.

डॉक्टर म्हणाले, रुग्णवाहिका पाठवतो, पोराला इथं आणा, तोवर काच वाचा. आत्याचा पुन्हा नकार. हळदीचा नवरदेव लग्नाआधी गावची शीव ओलांडत नाही. मी तिच्याशी भांडले नाही. म्हटलं, मी काच घेऊन पुढं जाते. काचेत काही सापडलं तर तुमी त्याला आणायचं. नाही सापडलं तर मी स्वतः येऊन माफी मागेन आणि पंगतीत वाढायलाही उभी राहीन. आत्यानं पोराची गोधडी सारखी केली. मग रुग्णवाहिका मांडवाबाहेर उभी राहू द्या, एवढं ती म्हणाली.

केंद्रावर येऊन मी आधी पातळ लेप मिथेनॉलमध्ये बुडवला, जाड लेप वर धरून, हात जराही हलू न देता. मग जाड लेप पाण्यात. तांबडा रंग अलगद उतरला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. लाल रंग, निळा रंग, धुणं, वाळवणं. तेलाचा थेंब टाकला आणि भिंग खाली आणलं.

शोधावं लागलंच नाही. जाड लेपात पहिल्याच नजरेत बारीक निळ्या कड्या, लाल ठिपक्यासह, जिकडं बघावं तिकडं. पातळ लेपात गेले आणि चोराचं तोंड दिसलं. नाजूक अंगठ्या, काहींत दोन-दोन ठिपके, एका पेशीत दोन-तीन घुसलेल्या, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या. पेशी फुगलेल्या नव्हत्या. थोडं पुढं एक परजीवी केळ्यासारखा वाकलेला. फाल्सिपेरम, शंकाच नको. एकटा केळ्यासारखा दिसला असता तर तो जुनाही असू शकला असता, औषधानंतर ते काही दिवस रेंगाळतात. पण इतक्या कोवळ्या अंगठ्या जुन्या तापाच्या नसतात. मी मोजायला बसले. दोनशे पांढऱ्या पेशी मोजून होईतो सहाशे पन्नास परजीवी झाले, म्हणजे रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात सव्वीस हजार. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि डोळा न काढताच फोन काढला.

फोन आत्यानं घेतला. डॉक्टरांनी कावीळ, इतके परजीवी, जिवाला धोका, हे सगळं नीट सांगितलं. मग तिनं माझ्याशी बोलायचं म्हटलं.

"बाई, तुमी सोता बघितलं का?"

"सोता बघितलं."

"मग आनते मी त्याला."

ती आली. रुग्णवाहिकेत पोराच्या छातीवर लिंबू खोचलेली कट्यार आणि आत्याचा हात. शीव ओलांडताना तिनं गाडी थांबवून पोरावरून लिंबू उतरवून टाकलं होतं आणि दुसरं खोचलं होतं, असं चालकानं सांगितलं. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन आमच्याकडंच दिलं आणि गाडी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याकडं निघाली. दिवस मावळायच्या आत तो तिथं दाखल झाला. तिथले डॉक्टर म्हणाले, उद्या बोहल्यावर उभा केला असता तर परवा उभा करता आला नसता. हे आत्यानं मला पुढं कितीदा तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परजीवी निम्म्याहून कमी झाले, तिसऱ्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, चौथ्या दिवसाची काच स्वच्छ. सातव्या दिवशी पोरगा घरी आला, पुढच्या गोळ्या पूर्ण खाऊन. यावेळी गोळ्यांच्या वेळा आत्यानं सांभाळल्या. मी त्या गावातल्या तापाच्या प्रत्येक माणसाची काच घेतली, सगळ्या सावलीत वाळवल्या. एकही सापडला नाही. किटं आता प्रत्येक उपकेंद्रात माठाशेजारच्या कोपऱ्यात असतात, ही आशाताईची युक्ती.

लग्नाची नवी तारीख ठरली आणि मग नवं विघ्न आलं. नवरीच्या वडिलांचं किराणा दुकान. सावध माणूस. त्यांनी तारखेच्या आधी पोराची एका खाजगी ठिकाणी तपासणी करून घेतली. किटवर दोन रेघा. त्यांनी तो कागद घेऊन थेट आत्याचं घर गाठलं आणि सांगितलं, आजार अजून अंगात आहे, लेक देत नाही. आत्या त्यांना आणि पोराला घेऊन माझ्या खोलीत आली. तिच्या मते आता हा माझा प्रश्न होता.

मी त्या गृहस्थांना स्टुलावर बसवलं. कागद खोटा नाही, असं आधी सांगितलं. रेघ खरी आहे, पण ती कालची आहे. मेलेल्याच्या घरी काही दिवस दारावर त्याच्या नावाची पाटी राहते, तसं. मग पोराचं बोट पुसून नवी काच बनवली, त्यांच्यासमोर रंगवली. आधी त्यांना जुनी काच भिंगाखाली दाखवली, ती मी जपून ठेवली होती. अंगठ्या दाखवल्या, केळ्यासारखा दाखवला. त्यांनी बारकाईनं पाहिलं, मान हलवली. मग नवी काच लावली. मी आधीच पूर्ण वाचली होती, जाड लेपाची दोनशे क्षेत्रं, म्हणजे भिंगात एका वेळी दिसतात असे दोनशे तुकडे, पण त्यांना म्हटलं, तुमी बघा, कितीही वेळ लावा.

ते पंचवीस मिनिटं भिंगाला चिकटून होते. मी काच सरकवायला शिकवलं आणि ते ओळीनं सरकवत राहिले. तीस वर्षं डाळीतले खडे निवडलेले डोळे. शेवटी त्यांनी डोकं वर केलं, चष्मा घातला आणि पोराकडं वळून म्हणाले, "माल साफ हाय."

आत्या हसली, पोरगा लाजला आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडी रडले. डॉक्टरांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी जेवायच्या आधी काही मागितलं नाही.

लग्नाला मी गेले, आशाताईही होती, नव्या साडीत. मांडवात मला बघताच आत्या गर्दीतून हात धरून ओढतच घेऊन गेली. नवरदेव पाटावर बसला होता, नव्यानं हळद लागलेला, पिवळाधमक. आत्यानं त्याचा डावा हात माझ्यापुढं उचलून धरला. पंजा, मनगट, चार बोटं पिवळी. करंगळीजवळचं एक बोट कोरं.

"ह्ये तुमचं ठिवलंय," ती म्हणाली. "लागलं तर."

जी बाई लागलेली हळद पुसू देत नव्हती, तिनं माझ्या सुईसाठी एक बोट हळदीतून वगळलं होतं, सगळ्या भावकीसमोर, कुणाला काय वाटेल याची पर्वा न करता. नोकरीत मला एकदा प्रशस्तिपत्र मिळालंय, ते कपाटात कुठंतरी आहे. ते हरवलं तरी चालेल.

मी शेजारच्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या कोऱ्या बोटाला हळद लावली, टोकापासून मुळापर्यंत. आत्यानं तिच्या हातांतली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली. पुढच्या आठवड्यात त्याची उपचार सुरू झाल्यापासूनची अठ्ठाविसाव्या दिवसाची काच घ्यायचीच आहे. तेव्हा स्पिरिटनं धुऊन घेईन.